शिफ्टची नोकरी आणि सहा महिन्यांत कादंबरी: रोजच्या शब्दांचा हिशेब

प्रश्न: ताई, मी नाशिकला, अंबडमधल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. फर्स्ट, सेकंड, नाइट अशी दर आठवड्याला शिफ्ट बदलते, सुट्टी फक्त शनिवारी. राहायला सिडकोत, गाव निफाड तालुक्यात. घरची द्राक्षबाग आहे आणि कादंबरीही त्यावरच आहे: व्यापारी पैसे बुडवून पळतो, त्यानंतर एका घराचं काय होतं. जुलैला सुरुवात करून डिसेंबरअखेर हस्तलिखित पूर्ण करायचंय. साठ हजार शब्द भागिले एकशे ऐंशी दिवस, म्हणजे रोज ३३३ शब्द असं ठरवलं होतं, पण मागच्या वेळी तिसऱ्या आठवड्यातच सगळं कोलमडलं. रोज नेमके किती शब्द लिहायचे? आणि नाइटच्या आठवड्यात काय करायचं?

उत्तर:

तुमचा भागाकार बरोबर आहे, पण त्याने सगळे दिवस सारखे धरले आहेत. सेकंडला जाणारा माणूस सकाळी ताजा असतो आणि त्याच्या हातात चार-पाच तास असतात. नाइट करून आलेल्या माणसाला दुपारी उठल्यावर आज कोणता वार आहे हेही चटकन आठवत नाही. दोघांना ३३३ चाच आकडा लावला, तर पहिल्याचा वेळ वाया जातो आणि दुसऱ्याचं रोज चुकतं. तुमचं तिसऱ्या आठवड्यात कोलमडलं म्हणता, तो आठवडा बहुतेक नाइटचाच असणार. दुसरी गोष्ट, ते एकशे ऐंशी दिवस सगळे कच्च्या लिखाणातच संपतात. पुनर्लेखनाला त्यात एकही दिवस उरत नाही, आणि पुनर्लेखन न झालेल्या कादंबरीला पूर्ण हस्तलिखित म्हणता येत नाही.

म्हणून आकडा दिवसाचा न ठरवता आठवड्याचा ठरवा, आणि आठवड्याचा आकडा शिफ्टप्रमाणे वेगळा ठेवा. तो कसा काढायचा ते तुमच्याच उदाहरणावर सांगते.

आधी एकूण शब्द. साठ हजार हा आकडा कुठून आला ते तुम्ही लिहिलेलं नाही. इंग्रजी लेखनसल्ल्यात कादंबरीला ऐंशी हजारांच्या आसपासचे आकडे सांगतात, ते थोडे कमी करून हा धरला असेल तर तो सोडा. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा बऱ्याच कमी शब्दांत मावतो. त्यापेक्षा घरातली एखादी डेमी आकाराची, तुमच्या मनातल्या कादंबरीएवढी कादंबरी काढा. मधल्या एका भरगच्च पानावरच्या दहा ओळींचे शब्द मोजा, ओळीची सरासरी काढा आणि पानावरच्या ओळींनी गुणा. संवादांच्या एखाद्या पानाचंही तसंच करा. दोन्हींची सरासरी बहुतेक अडीचशेच्या आगेमागे येईल. दोनशे पानांची कादंबरी म्हणजे साधारण पन्नास हजार शब्द. एका घराची, एका हंगामातल्या घटनेभोवतीची तुमची गोष्ट एवढ्यात व्यवस्थित बसते.

कच्च्या खर्ड्यासाठी मी ४८,००० धरते. पुनर्लेखनात काही प्रसंग जातात, काही नवे येतात, आणि पहिल्या खर्ड्यात घाईघाईने उरकलेले शेवटचे प्रसंग जवळपास प्रत्येकालाच वाढवावे लागतात. म्हणून थोडं कमीवर थांबलेलं बरं.

आता कॅलेंडर. १ जुलैपासून २६ आठवडे मोजले की २९ डिसेंबर येतो. त्यातले पहिले १७ आठवडे खर्ड्याला, म्हणजे २७ ऑक्टोबरपर्यंत. नंतरचे दोन आठवडे हस्तलिखित बंद. त्यानंतर सहा आठवडे पुनर्लेखन, आणि शेवटचा एक आठवडा प्रमाणलेखन तपासणं, प्रती काढणं यासाठी. त्या १७ आठवड्यांतून दोन आताच काढून टाका. एक गणपतीचा. दुसरा छाटणीचा, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी सुरू झाली की तुम्हाला गावी जावंच लागेल. तिथे मजूर, पेस्ट, फवारणी यांतून रात्री वही उघडायचं ठरवलं तरी ते होत नाही. जे होणार नाही हे माहीत आहे, ते वेळापत्रकात घालायचं नाही. दिवाळीसाठी वेगळा आठवडा काढायची बहुधा गरज पडणार नाही, ती बहुतेक वर्षी त्या बंद पंधरवड्यात किंवा त्याच्या जवळपास येते. यंदा आधी आली तर बंद पंधरवडा थोडा अलीकडे सरकवा.

उरले पंधरा आठवडे. ४८,००० भागिले १५, म्हणजे आठवड्याला सरासरी ३,२००. तुमची शिफ्ट तीन आठवड्यांनी फिरते, म्हणून हिशेब तीन आठवड्यांच्या एका फेरीचा करायचा. एका फेरीत ९,६०० शब्द आणि अशा पाच फेऱ्या. सुट्टीचे दोन आठवडे कोणत्या शिफ्टवर येतात त्यानुसार थोडं पुढेमागे होईल, तेवढं चालतं.

फेरीतले हे ९,६०० शब्द शिफ्टवर कसे वाटायचे, इथेच सगळा खेळ आहे.

सेकंड शिफ्टचा आठवडा सगळ्यात जास्त पिकाचा. रात्री बाराला सुटून घरी येऊन झोपायला एक वाजतो. आठला उठलात तरी नऊ ते साडेदहा हा दीड तास पूर्ण तुमचा असतो आणि गाडी दुपारी असते. या दीड तासात ७०० शब्द होतात. कामाच्या सहा दिवसांपैकी पाच दिवस ७०० धरा, एक दिवस मोकळा. शनिवारी आणखी ७००. झाले ४,२००. या आठवड्यात एक धोका आहे. सकाळ मोकळी दिसते म्हणून घरची सगळी कामं त्यात येऊन बसतात: गॅस, बँक, मुलाची शाळा, पाहुण्यांना सीबीएसला सोडणं. घरात सरळ सांगून ठेवा की साडेदहानंतर काय वाट्टेल ते करेन, नऊ ते साडेदहा मी घरात नाही असं समजा.

फर्स्टचा आठवडा मधला. पहाटे पाचला उठून गाडी पकडणारा माणूस दुपारी चारनंतर घरी येतो आणि आल्या आल्या लिहायला बसला, तर त्याची वाक्यं रिपोर्टसारखी येतात. अर्धा तास पडा, चहा घ्या, मग साडेपाच ते साडेसहा बसा. इथे ५०० शब्द, पाच दिवस, एक दिवस मोकळा. शनिवारी दोन बैठकांत मिळून १,०००. एकूण ३,५००. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात शनिवारी शांतता मिळणं अवघड, हे मला कळतं. शालिमारजवळ सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं. एक बैठक तिथे करून पाहा. आजूबाजूला माणसं वाचत बसलेली असली की मोबाइलकडे हात कमी जातो.

नाइटच्या आठवड्याला उरले १,९००. कामाच्या सहा दिवसांपैकी फक्त तीन दिवस ४०० आणि शनिवारी ७००. पहिल्या रात्रीनंतरचा दिवस लिहायचं नाही, शरीर अजून वळलेलं नसतं. बाकीच्या दिवसांतले कुठलेही तीन घ्या, झोप झाल्यावर, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, पाऊण तास. या तीन दिवसांसाठी प्रसंगही निवडून ठेवा. डोकं जड असताना नवा माणूस कथेत आणणं किंवा कठीण वळण लिहिणं जमत नाही. पण जे तुम्हाला पाठ आहे ते लिहिता येतं: पहाटे बागेत ट्रॅक्टरवर फवारणी करणारा बाप, पॅकिंगच्या वेळचा गोंधळ, क्रेटमध्ये भरलेल्या मालावर हात फिरवत भाव पाडणारा व्यापारी. हे प्रसंग वेगळे काढून नाइटसाठी राखून ठेवा. कथेच्या क्रमात ते नंतर येत असले तरी चालेल.

४,२००, ३,५०० आणि १,९०० मिळून ९,६०० होतात. दीड तासात ७००, तासाभरात ५०० हा वेग कसा धरला, असं विचाराल. मी ज्यांची हस्तलिखितं पाहिली आहेत, त्यांतल्या नोकरी करणाऱ्या बहुतेकांचा कच्च्या लिखाणाचा वेग तासाला चारशे ते सहाशेच्या दरम्यान असतो. तुमचा वेगळा असू शकतो. म्हणून पहिल्या फेरीत आकडा लक्ष्य म्हणून ठेवू नका, नुसती नोंद करा. फेरी संपल्यावर नऊ हजारांच्या वर झाले असतील तर आहे तसंच चालू द्या. सात हजारांच्या आसपास अडकलात, तर वेळ वाढवायच्या भानगडीत पडू नका, कादंबरी लहान करा. पाच फेऱ्यांचे पस्तीस हजार म्हणजे एकशे चाळीस पानं. व्यापारी पळाल्यापासून पुढच्या छाटणीपर्यंतच गोष्ट ठेवली, तर ती तेवढ्यात होते, आणि मुलीच्या लग्नाचं उपकथानक घालायचा मोह असेल तर तो आपोआप गळतो.

बैठकीत नेमकं काय करायचं, हेही ठरलेलं असावं. पाऊण तासातली पंधरा मिनिटं "कुठे होतो आपण" हे आठवण्यात गेली, तर उरलेल्या अर्ध्या तासात चारशे होत नाहीत. त्यावर उपाय आदल्या दिवशीच करायचा. दिवसाचे शब्द झाले की प्रसंग संपवायच्या आधीच थांबा आणि खाली तीन ओळी लिहा: आता कोण बोलणार आहे, त्याला काय हवंय, आणि पुढे कशामुळे बिघडणार आहे. तुमच्या कादंबरीतली नोंद अशी असेल: "आण्णा ओट्यावर. व्यापाऱ्याच्या मुनिमाला फोन लावतोय, फोन बंद. थोरल्याला अजून सांगितलेलं नाही. थोरला आत्ता बँकेतून परत येतो, चेक परत आलाय." दुसऱ्या दिवशी हे वाचलं की पहिलं वाक्य दोन मिनिटांत येतं. फर्स्टहून सेकंडला किंवा सेकंडहून नाइटला जाताना मोकळे दिवस लागून आले की एक-दोन दिवसांचा खंड पडतो. तेव्हा या तीन ओळींचा खरा उपयोग होतो.

मागचं वाचायचं ते फक्त आदल्या दिवशीचं, आणि तेही दुरुस्त न करता. पहिल्या प्रकरणापासून वाचत यायचं नाही. तसं वाचत आलं की हात दुरुस्तीला जातो, पहिली वीस पानं गुळगुळीत होतात आणि एकविसावं पान येतच नाही.

नोंदीची वही साधी ठेवा. तारीख, शिफ्ट, शब्द, आणि आज प्रसंगात काय बदललं याची एक ओळ, एवढे चार रकाने. हाताने लिहीत असाल तर तुमच्या अक्षरातली भरलेली तीन पानं एकदा मोजून सरासरी काढा, पुढे पानांनी गुणत जा. रोज शब्द मोजत बसू नका. संगणकावर लिहीत असाल तर सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे मोजणीही सरळ होते आणि पुढे फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटत नाहीत.

ही वहीची पद्धत जुनी आहे. अँथनी ट्रोलोप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार, तोही पोस्टखात्यातला नोकरदार. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात घालवायचा आणि मग घड्याळ समोर ठेवून पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा. त्याचा वेग तुम्ही धरू नका, तो फार थोड्यांना झेपतो. त्याची नोंद मात्र पाहण्यासारखी आहे. त्याने पान म्हणजे अडीचशे शब्द असं ठरवलं होतं आणि हिशेब आठवड्याच्या पानांचा ठेवला होता. आठवड्याला सरासरी चाळीस, कधी वीसपर्यंत खाली, तर एकदा ११२ पर्यंत वर. नोकरीच्या कामाप्रमाणे आठवडे कमी-जास्त होणारच, हे त्याच्या हिशेबातच होतं. शिवाय एखादे दोन दिवस आळस झाला की त्याची नोंद वहीत डोळ्यांसमोर राहायची.

थकबाकीचा नियम आधीच ठरवून ठेवा, कारण वेळापत्रकं मोडतात ती इथे. मंगळवारी ५०० राहिले, बुधवारी १,००० करायचे ठरवले, तेही झाले नाहीत, गुरुवारी १,५०० डोक्यावर. शुक्रवारी माणूस वहीकडे बघतच नाही. म्हणून राहिलेले शब्द दुसऱ्या दिवशी ओढायचे नाहीत. त्या आठवड्याचा जो मोकळा दिवस ठेवला आहे, तो यासाठीच आहे. तिथे एका दिवसाचे शब्द भरून निघतात. त्याहून जास्त राहिले तर आठवडा संपताना ते माफ. ते पुढच्या आठवड्यावर टाकायचे नाहीत, वहीत रेघ मारून पुढे जायचं. सगळं मिळून तीन हजारांपर्यंत माफ झाले आणि खर्डा ४५,००० वर थांबला, तरी कादंबरीचं काही बिघडत नाही. ऑडिटचा आठवडा किंवा मुलाचा ताप त्यात सामावतो. माफीची बेरीज त्यापुढे जायला लागली तर वेळापत्रकच चुकलंय असं समजा आणि वर सांगितलं तसं पुस्तक लहान करा.

आता एक गोष्ट, जी आकड्यांत दिसत नाही. पंधरा ते वीस हजार शब्दांच्या आसपास, म्हणजे तुमच्या दुसऱ्या फेरीच्या शेवटी, शब्द रोज होत राहतील पण कादंबरी हलायची थांबेल. सुरुवातीला मनात जे साचलेलं होतं ते तोवर लिहून झालेलं असतं आणि शेवट अजून लांब असतो. मग माणूस आकडा भरण्यासाठी पाऊस, आठवणी, चहा पिता पिता होणारे संवाद लिहायला लागतो. हे ओळखायला वहीतला चौथा रकाना आहे. "आज काय बदललं" याला तुम्ही "आण्णा उदास आहे" असं लिहिलंत तर काही बदललेलं नाही. "आण्णाने थोरल्यापासून सोसायटीच्या कर्जाचा आकडा लपवला" हा बदल आहे. लागोपाठ तीन दिवस चौथा रकाना रिकामा किंवा असा उदास राहिला, तर शब्द मोजणं तिथेच थांबवा.

अशा वेळी एक शनिवार आणि पुढचे दोन दिवस, एवढाच वेळ घ्या. त्यात शब्द लिहू नका, प्रसंगांची यादी करा. तुमच्या कादंबरीची मी अशी करीन. व्यापारी पळाला हे घरात कोणाला कधी कळतं? आण्णाला पहिल्या दिवशी, थोरल्याला चेक परत आल्यावर, आईला सगळ्यांत शेवटी आणि तेही शेजारणीकडून. प्रत्येकाला कळण्याचा एक प्रसंग. मग पैशाची वाट: औषधांच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज, मजुरांची उचल. यातलं आधी काय दारात येतं? प्रत्येक देणं म्हणजे एक प्रसंग, आणि तो आल्यावर घरातल्या कोणत्या दोघांचं नातं बदलतं, ते त्याच्यापुढे लिहा. मग हंगाम. माल गेल्यानंतर खरड छाटणी येते आणि तिच्यासाठी पुन्हा खर्च करावा लागतो. पुढच्या वर्षाचे घड त्या छाटणीनंतरच्या काडीत ठरतात, त्यामुळे पैसा नाही म्हणून बाग सोडून दिली तर पुढचंही वर्ष गेलं. म्हणजे छाटणी करायची की नाही, हाच कादंबरीच्या मधला मोठा प्रश्न. इतकं कागदावर आलं की बारा-पंधरा प्रसंग समोर असतात. एक प्रसंग साधारण हजार ते बाराशे शब्दांचा धरला, तर पुढची दीड फेरी कशाने भरायची हे ठरलेलं असतं आणि मंगळवारी पुन्हा आकडा सुरू करता येतो. हे तीन दिवसांचे शब्द माफीत धरा.

यादीचं हे काम पहिल्या दिवशीच का करायचं नाही, असं वाटेल. काहींना तसं जमतं. पण पहिली कादंबरी लिहिणाऱ्याला आपली माणसं बोलायला लागल्याशिवाय कळत नाहीत, आणि आधी केलेली यादी दहा हजार शब्दांनंतर बहुधा निरुपयोगी ठरते. सुरुवातीला शेवटचा प्रसंग आणि मधले तीन-चार एवढे माहीत असले तरी पुरे.

वेळ खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे माहिती. बागेचं तुम्हाला पाठ आहे, पण चेक परत आल्यावर कायद्यात काय होतं, पोलीस तक्रार कशी घेतात, हे लिहायच्या क्षणी अडेल. तेव्हा उठून शोधायला जायचं नाही. पाऊण तासाच्या बैठकीत मोबाइल हातात घेतला की बैठक संपली. जागच्या जागी चौकटी कंसात "[तपास: नोटिशीची मुदत]" असं लिहा आणि प्रसंग पुढे न्या. कंसाची खूण नेहमी एकच ठेवा, म्हणजे शेवटी "[तपास" एवढं शोधलं की सगळ्या जागा एकदम सापडतात.

हे सगळे तपास बंद पंधरवड्यात करायचे, पुनर्लेखनाच्या आधी. त्याचं कारण आहे. चेकचंच घ्या. बँकेकडून चेक न वटल्याचं कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला समोरच्याला पंधरा दिवस असतात आणि त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार करायची असते. हे समजल्यावर तुमच्या कथेचं घड्याळ बदलेल. आण्णाने लाजेखातर चेकची गोष्ट महिनाभर लपवली, तर लपवण्याची किंमत घराला मोजावी लागते, आणि थोरल्याचा राग नुसता स्वभावातून न येता कारणासकट येतो. असा बदल खर्ड्याच्या मध्येच कळला तर मागचं सगळं फिरवत बसाल. पुनर्लेखनाच्या तोंडावर कळला तर तो नेमका कामाला येतो.

पंधरवड्यात तपास सोडून हस्तलिखित उघडायचं नाही. दोन आठवडे न वाचल्यावर स्वतःचंच पान थोडं परकं वाटतं आणि कुठे कंटाळा येतो ते कळतं.

पुनर्लेखनाला शब्दांचं माप लावू नका. चांगल्या दिवशी तुम्ही सहाशे शब्द काढून टाकाल, आणि वही त्याला उणे दाखवेल. इथे माप प्रसंगांचं. ४८,००० च्या खर्ड्यात हजार-बाराशेचे साधारण चाळीस-पंचेचाळीस प्रसंग असतात. पहिल्या आठवड्यात कागदावर छापून नुसतं वाचायचं, पेन्सिलने खुणा करायच्या. उरलेल्या पाच आठवड्यांत आठवड्याला नऊ प्रसंग. सेकंडच्या आठवड्यात बारा, फर्स्टच्या आठवड्यात दहा, नाइटला चार. पाच आठवडे म्हणजे तुमची एक पूर्ण फेरी आणि वर दोन आठवडे. त्या दोनात नाइट आली तर एकूण गणित चाळीस-बेचाळीसवर अडकतं, म्हणून पहिलं नुसतं वाचन शक्यतो नाइटच्या आठवड्यावर आणा. जड डोक्याने लिहिता येत नसलं, तरी कंटाळा कुठे येतो हे तेव्हा चांगलं कळतं.

पुनर्लेखनाची सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नका. शेवटचे दहा प्रसंग आधी घ्या. ते ऑक्टोबरच्या घाईत लिहिलेले असतात आणि सगळ्यांत कच्चे असतात. शिवाय शेवट पक्का झाला की सुरुवातीत काय पेरायचं ते कळतं. मुनिमाचा बंद फोन शेवटी महत्त्वाचा ठरणार असेल, तर पहिल्या प्रकरणात तो मुनीम नुसता हिशेबाची वही घेऊन उभा राहून भागणार नाही.

शेवटच्या आठवड्यात कथेला हात लावायचा नाही. प्रमाणलेखन तपासा, गावच्या बोलीतले संवाद सगळीकडे सारखे लिहिलेत का ते पाहा. "इकडं" आणि "इकडे" हे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी येत असतील तर एक ठरवा. पात्रांची नावं, गावांमधली अंतरं, मुलांची वयं एका कागदावर उतरवून जुळतात का ते बघा. या तपासणीत वयं हमखास चुकलेली सापडतात. एक प्रत छापून घ्या, एक फाइल ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा, एक पेनड्राइव्हवर.

प्रकाशकाकडे देण्याआधी ती छापील प्रत दोघांना वाचायला द्या. एक वाचणारा माणूस आणि एक बाग करणारा माणूस. बागवाल्याला एवढंच सांगा की जिथे "असं होत नाही" वाटेल तिथे खूण कर. कादंबरी कशी वाटली ते त्याला विचारू नका. त्याच्या खुणांसाठी जानेवारीतले दोन शनिवार मोकळे ठेवा. मात्र तुमच्या भागात तेव्हा काढणी सुरू होते, त्यामुळे प्रत त्याच्या हाती डिसेंबर संपायच्या आत पडायला हवी.